तीन लिटर पाणी गेलं, पण सोबत मीठ किती गेलं? डिहायड्रेशनचे प्रश्न सोडवण्याची रीत

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी मूत्रपिंडाचा धडा संपतो तेव्हा एक वाक्य सगळ्यांना पाठ असतं: सोडियम जाईल तिकडे पाणी जातं. प्रॉक्सिमल ट्युब्यूलपुरतं ते खरं आहे. कलेक्टिंग डक्टमध्ये मात्र ते अर्धंच खरं ठरतं, आणि डिहायड्रेशनचे बहुतेक प्रश्न नेमके तिथेच चुकतात. अ‍ॅल्डोस्टेरॉनने सोडियम आत घेतलं म्हणजे पाणी आपोआप मागे आलं, असं धरून विद्यार्थी उत्तर लिहितो. मग डायबेटिस इन्सिपिडसमध्ये लघवी पाण्यासारखी का, अ‍ॅडिसनच्या आजारात रक्तातलं सोडियम कमी का, असं विचारलं की गाडी अडते.

या लेखात असा प्रश्न सोडवण्याची एक ठरावीक रीत दिली आहे. आकडे मुद्दाम सोपे घेतले आहेत. कागद-पेन्सिल घेऊन सोबत करत गेलात तर जास्त पदरात पडेल.

दोन दारं, दोन किल्ल्या

कलेक्टिंग डक्टमधल्या प्रिन्सिपल पेशीला नळीच्या बाजूने दोन वेगळी दारं आहेत. सोडियमचं दार म्हणजे ईनॅक हा चॅनेल, आणि त्याची किल्ली अ‍ॅल्डोस्टेरॉनकडे. पाण्याचं दार म्हणजे ॲक्वापोरिन-२, त्याची किल्ली एडीएचकडे. एडीएच नसेल तर पेशीचा हा पृष्ठभाग पाण्याला जवळजवळ बंद असतो. सोडियम आत गेलं तरी पाणी नळीतच राहतं आणि नळीतला द्रव आणखी पातळ होतो. पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला ॲक्वापोरिन-३ आणि ४ कायम हजर असल्यामुळे तिथे अडथळा नसतो. अडवणूक होते ती फक्त नळीच्या बाजूला.

दोन्ही किल्ल्यांचा वेगही सारखा नाही. ॲक्वापोरिन-२ पेशीत पडद्याखाली छोट्या पिशव्यांमध्ये आधीच तयार ठेवलेलं असतं. एडीएच व्ही-२ रिसेप्टरला चिकटलं, सायक्लिक एएमपी वाढलं, की त्या पिशव्या पृष्ठभागाला जाऊन मिळतात. हे काही मिनिटांत होतं. अ‍ॅल्डोस्टेरॉनला मात्र पेशीच्या केंद्रकात जाऊन नवीन प्रथिनं बनवून घ्यावी लागतात, म्हणून त्याचा परिणाम साधारण तासाभराने दिसू लागतो आणि पुढचे कित्येक तास वाढत राहतो. ‘रक्तस्राव होऊन वीस मिनिटं झाली, सोडियम कशामुळे वाचतंय?’ असा प्रश्न आला तर उत्तर अ‍ॅल्डोस्टेरॉन नाही. तेव्हा काम करतात ते जीएफआरमधली घट, सिम्पथेटिक नसा आणि प्रॉक्सिमल ट्युब्यूलवर थेट काम करणारं अँजिओटेन्सिन-२.

पायरी पहिली: गेलेला द्रव कसला होता?

प्रश्न वाचताना ‘किती लिटर गेले’ यावर नजर आधी जाते. ती आधी जायला हवी ‘कुठून गेले’ यावर, कारण त्यावरूनच त्या पाण्यात मीठ किती होतं ते कळतं.

ताप, धाप, कोरडी हवा यांमुळे श्वासातून आणि त्वचेतून नकळत जातं ते जवळजवळ निव्वळ पाणी. घामात मीठ असतं, पण रक्तापेक्षा बरंच कमी. लिटरमागे ५० मिलिइक्विव्हॅलंट सोडियम हा हिशेबाला सोयीचा आकडा. ऊन अंगवळणी पडलेल्या माणसाच्या घामात तो आणखी कमी होतो, कारण घर्मग्रंथीच्या नळीवरही अ‍ॅल्डोस्टेरॉन काम करतं. कॉलरासारख्या जोरदार अतिसारात मोठ्या माणसाच्या शौचातलं सोडियम रक्ताच्या जवळपास जातं, म्हणून परीक्षेत ती आयसोटॉनिक हानी धरतात. रक्तस्राव तर आयसोटॉनिकच.

पायरी दुसरी: आकडेमोड

६० किलोचा माणूस घ्या. शरीरातलं एकूण पाणी ३६ लिटर, त्यातलं पेशींच्या आत २४ आणि बाहेर १२. ऑस्मोलॅलिटी २८०, म्हणजे सोडियम १४० असल्याचं मानू. एकूण विद्राव्य ३६ गुणिले २८०, म्हणजे १०,०८० मिलिऑस्मोल. त्यातले ३,३६० पेशीबाहेर आणि ६,७२० पेशींच्या आत.

आता तीन वेगळ्या माणसांमधून प्रत्येकी तीन लिटर काढू. नियम दोनच. जे मीठ गेलं ते पेशीबाहेरच्या खात्यातून वजा करायचं. आणि पाणी आत-बाहेर मोकळं फिरतं, म्हणून शेवटी दोन्हीकडची ऑस्मोलॅलिटी सारखी येते.

पहिला माणूस तापाने फणफणलेला, स्वतः उठून पाणी घेऊ न शकणारा वृद्ध. त्याचं निव्वळ पाणी गेलं. १०,०८० भागिले ३३, म्हणजे ऑस्मोलॅलिटी साधारण ३०५. पेशीबाहेर ३,३६० भागिले ३०५, म्हणजे ११ लिटर. तीन लिटर गेले, पण पेशीबाहेरचा फक्त एक लिटर घटला. उरलेले दोन लिटर पेशींनी भरून दिले.

दुसरा माणूस विदर्भातल्या मे महिन्यात दिवसभर बांधकामावर राबलेला. तीन लिटर घामातून १५० मिलिइक्विव्हॅलंट सोडियम आणि तेवढंच क्लोराइड गेलं, म्हणजे ३०० मिलिऑस्मोल. उरलेले ९,७८० भागिले ३३, म्हणजे २९६. पेशीबाहेर ३,०६० भागिले २९६, म्हणजे सुमारे १०.३ लिटर. घट १.७ लिटरची.

तिसऱ्याला जुलाब. तीन लिटर आयसोटॉनिक द्रव गेला. ऑस्मोलॅलिटी २८० वर तशीच, पेशींमधून थेंबही बाहेर येत नाही, आणि पेशीबाहेरचे १२ लिटर थेट ९ वर येतात.

| तीन लिटर कशातून | ऑस्मोलॅलिटी | पेशीबाहेरची घट |
|---|---|---|
| निव्वळ पाणी | ३०५ | १ लिटर (८ टक्के) |
| घाम | २९६ | १.७ लिटर (१४ टक्के) |
| जुलाब | २८० | ३ लिटर (२५ टक्के) |

वजनकाट्यावर तिघेही सारखेच तीन किलोंनी घटले आहेत. तरी नाडी जलद, रक्तदाब खाली आणि उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी ही चित्रं तिसऱ्याची. प्रचंड तहान, कोरडी जीभ आणि गोंधळलेपण हे पहिल्याचं चित्र. ‘डिहायड्रेशन’ हा एकच शब्द दोन्हींना वापरल्यामुळे गोंधळ होतो. पाण्याची कमतरता रक्तातल्या सोडियमच्या प्रमाणावरून कळते, मिठाची कमतरता रक्ताच्या आकारमानावरून. रक्तातलं सोडियम १४० आहे म्हणून शरीरात सोडियम पुरेसं आहे, असा अर्थ कधीच काढू नये. तिसऱ्या माणसाने ४२० मिलिइक्विव्हॅलंट गमावलेत, आणि रिपोर्टवर १४०च दिसतंय.

पायरी तिसरी: कोणता हार्मोन, आणि कशामुळे

एडीएचला दोन वाटांनी निरोप येतो. पहिली वाट हायपोथॅलॅमसजवळच्या ऑस्मोरिसेप्टरची. ही अतिशय नाजूक आहे. ऑस्मोलॅलिटीत एक टक्क्याचा, म्हणजे जेमतेम तीनेक मिलिऑस्मोलचा फरक पडला तरी एडीएच बदलतं. दुसरी वाट आलिंदं, कॅरोटिड सायनस आणि महाधमनीच्या कमानीतल्या बॅरोरिसेप्टरची. ही झोपाळू आहे, आकारमान पाच ते दहा टक्के घटेपर्यंत फारसं काही करत नाही. पण एकदा जागी झाली की तिचा जोर पहिलीपेक्षा जास्त. दोन्हींचे निरोप एकमेकांविरुद्ध गेले तर मोठ्या घटीत आकारमान जिंकतं. पुढे हे वाक्य लागणार आहे.

अ‍ॅल्डोस्टेरॉनच्याही दोन प्रमुख वाटा आहेत, पण त्यांत ऑस्मोलॅलिटी नाही. एक रेनिन आणि अँजिओटेन्सिन-२ची, म्हणजे आकारमान घटल्याची. दुसरी रक्तातलं पोटॅशियम वाढल्याची, ती थेट अधिवृक्क ग्रंथीवर. उलट वाढलेली ऑस्मोलॅलिटी अ‍ॅल्डोस्टेरॉनच्या स्रावाला थोडी दाबून धरते.

आता तिघांना लावून पाहा. वृद्धात एडीएच पहिल्या वाटेने खूप वाढलेलं, अ‍ॅल्डोस्टेरॉन मात्र बेताचंच, कारण आकारमान आठच टक्के घटलंय आणि वर ऑस्मोलॅलिटीचा लगाम आहे. मजुरात दोन्ही वाढलेले, एडीएच तर दोन्ही वाटांनी. जुलाबाच्या रुग्णात अ‍ॅल्डोस्टेरॉन सर्वांत जास्त. एडीएचही भरपूर, पण ते पूर्णपणे दुसऱ्या वाटेने, कारण ऑस्मोलॅलिटी हललेलीच नाही. ‘ऑस्मोलॅलिटी नॉर्मल, म्हणून एडीएच नॉर्मल’ हा पर्याय बहुपर्यायी प्रश्नात हमखास ठेवलेला असतो आणि बरेच जण त्यात अडकतात.

पायरी चौथी: नळीतून चालत जा

हा भाग सहसा घाईत उरकला जातो, पण अडलेल्या प्रश्नांची उकल इथेच होते.

जाड असेंडिंग लिंब मीठ काढून घेतो, पाणी सोडत नाही. त्यामुळे डिस्टल ट्युब्यूलमध्ये येणारा द्रव नेहमी पातळ असतो, साधारण १०० मिलिऑस्मोलचा. शरीर कोरडं पडलेलं असो वा पाण्याने भरलेलं, इथपर्यंत फारसा फरक नाही. लघवी दाट होणार की पातळ, हे यापुढे ठरतं.

आकारमान घटलेल्या माणसात दिवसाला ९ लिटर असा द्रव पुढे येतोय असं धरू, म्हणजे ९०० मिलिऑस्मोल. निरोगी माणसात हा आकडा याच्या दुप्पट असू शकतो. इथे तो कमी आहे, कारण जीएफआर घटलाय आणि प्रॉक्सिमल ट्युब्यूलनेच जास्त ओढून घेतलंय. (ही शिकवण्यापुरती आकडेमोड आहे. युरियाचं मेड्युलातलं फिरणं यात सोडून दिलंय.)

अ‍ॅल्डोस्टेरॉनने कॉर्टेक्समधल्या भागात सोडियम-क्लोराइडचे ३०० मिलिऑस्मोल काढून घेतले. उरले ६००. एडीएच आहे, म्हणून पाण्याचं दार उघडं आहे. कॉर्टेक्समध्ये बाहेरची ऑस्मोलॅलिटी रक्ताइतकीच, म्हणजे ३००च्या आसपास. नळीतला द्रव तिच्याशी बरोबरी साधेपर्यंत पाणी बाहेर जाईल. ६०० भागिले ३००, म्हणजे दोन लिटर उरले. म्हणजे नऊपैकी सात लिटर पाणी कॉर्टेक्समध्येच परत गेलं, तेही लघवी रक्तापेक्षा दाट होण्याआधी.

उरलेले दोन लिटर मेड्युलात उतरतात. तिथे टोकाकडे ऑस्मोलॅलिटी १२००पर्यंत असते. ६०० भागिले १२००, म्हणजे अर्धा लिटर. मेड्युलाने वाचवलं फक्त दीड लिटर. मेड्युलाचं नाव मोठं, पण पाण्याचा मोठा वाटा कॉर्टेक्स उचलतो. ते सोयीचंही आहे. कॉर्टेक्समध्ये रक्त मुबलक वाहतं, सात लिटर सहज वाहून नेतं. तेवढं पाणी मेड्युलात ओतलं असतं तर तिथला दाटपणा धुऊनच गेला असता.

आता एक-एक दार बंद करून पाहा.

एडीएच काढून टाका, अ‍ॅल्डोस्टेरॉन ठेवा. ३०० मिलिऑस्मोल मीठ गेलं, पाणी मात्र नऊच्या नऊ लिटर नळीतच. ६०० भागिले ९, म्हणजे ६७ मिलिऑस्मोलची लघवी. आत आलेला द्रव १०० होता. म्हणजे एकट्या अ‍ॅल्डोस्टेरॉनने लघवी दाट तर केली नाहीच, उलट पातळ केली.

अ‍ॅल्डोस्टेरॉन काढून टाका, एडीएच ठेवा. विद्राव्य ९०० तसंच उरलं. मेड्युला १२००पर्यंतच नेऊ शकते, म्हणून लघवी पाऊण लिटर. अ‍ॅल्डोस्टेरॉन असताना ती अर्धा लिटर होती. म्हणजे अ‍ॅल्डोस्टेरॉन पाणी वाचवतं, पण आडवाटेने. बाहेर टाकायच्या विद्राव्याचं ओझं ते कमी करतं, आणि कमी ओझ्याला कमी पाणी लागतं. लघवीचं किमान आकारमान म्हणजे बाहेर टाकायचं विद्राव्य भागिले कमाल दाटपणा. हे एवढं सूत्र लक्षात ठेवलं तरी पुरे.

पायरी पाचवी: लघवीचा रिपोर्ट वाचताना

वरच्या अर्ध्या लिटर लघवीत ऑस्मोलॅलिटी १२०० आणि सोडियम लिटरमागे १० असू शकतं. विद्यार्थी इथे थबकतो: सोडियम इतकं कमी, तर मग बाराशे आले कुठून? मोठा वाटा युरियाचा, उरलेला पोटॅशियम, अमोनियम, क्रिएटिनिन आणि त्यांच्या जोडीच्या ऋणभारित आयनांचा. लघवीची ऑस्मोलॅलिटी एडीएचबद्दल सांगते, लघवीतलं सोडियम अ‍ॅल्डोस्टेरॉनबद्दल. एकाच बाटलीतल्या या दोन वेगळ्या बातम्या आहेत, त्या वेगळ्याच वाचाव्यात.

दुसरी अडचण प्रमाण आणि एकूण मात्रा यांतल्या गल्लतीची. लिटरमागे २० सोडियम असलेली लघवी ४०० मिलिलिटर झाली तर दिवसाला ८ मिलिइक्विव्हॅलंट गेले. तीच २० असलेली लघवी ८ लिटर झाली तर १६०. प्रमाण तेच, पण पहिला माणूस मीठ वाचवतोय आणि दुसरा नाही. म्हणून क्रिएटिनिनशी तुलना करून सोडियमचा फ्रॅक्शनल एक्स्क्रीशन काढतात: लघवीतलं सोडियम गुणिले रक्तातलं क्रिएटिनिन, भागिले रक्तातलं सोडियम गुणिले लघवीतलं क्रिएटिनिन, गुणिले १००. लघवीत सोडियम १० आणि क्रिएटिनिन १५०, रक्तात सोडियम १४० आणि क्रिएटिनिन १.५ असेल तर उत्तर ०.०७ टक्के येतं. लघवी कमी झालेल्या माणसात एक टक्क्याच्या आत असेल तर नळ्या शाबूत आहेत आणि मीठ धरून ठेवताहेत, असं समजावं. रुग्ण डाययुरेटिक घेत असेल तर हा आकडा भरवशाचा राहत नाही.

वृद्धाच्या बाबतीत एक खाचखळगा आहे. निव्वळ पाणी गेलेल्या माणसात सुरुवातीला लघवीतलं सोडियम फारसं खाली येत नाही. कुत्रे, मेंढ्या, उंदीर यांना पाणी तोडलं तर ते आधी सोडियम जास्त बाहेर टाकतात, असं दिसून आलं आहे. ऑस्मोलॅलिटी वाढलेली असताना मीठ धरून ठेवणं शरीराच्या सोयीचं नाही, हे पाहिलं तर त्यात विचित्र काही नाही. ‘डिहायड्रेशन म्हणजे लघवीतलं सोडियम २०च्या खाली’ हे समीकरण आकारमान घटल्याचं आहे, पाणी घटल्याचं नव्हे.

आणि पोटॅशियम? अ‍ॅल्डोस्टेरॉन ईनॅकमधून सोडियम आत घेतं, त्यामुळे नळीत ऋणभार उरतो आणि रोमके चॅनेलमधून पोटॅशियम बाहेर पडतं. मग जुलाबाच्या रुग्णात अ‍ॅल्डोस्टेरॉन इतकं वाढूनही मूत्रपिंडातून पोटॅशियमची धार का लागत नाही? कारण कलेक्टिंग डक्टपर्यंत सोडियम आणि पाणी पोहोचतंच कमी, आणि अँजिओटेन्सिन-२ रोमकेला आवर घालतं. त्याला पोटॅशियमची कमतरता होते ती मुख्यतः शौचातून. फ्युरोसेमाइडने मात्र उलटं होतं. आकारमान घटल्यामुळे अ‍ॅल्डोस्टेरॉन जास्त आणि नळीत सोडियमचा लोंढाही जास्त, दोन्ही एकत्र आल्यावर पोटॅशियम वाहून जातं.

जुलाब आणि साधं पाणी: एक उदाहरण शेवटपर्यंत

तिसऱ्या माणसाकडे परत येऊ. पेशीबाहेर ९ लिटर, ऑस्मोलॅलिटी २८०. त्याला तहान लागलीय, आणि ती आकारमानामुळे, अँजिओटेन्सिन-२मुळे. तो दोन लिटर साधं पाणी पितो.

एकूण पाणी ३३ अधिक २, म्हणजे ३५ लिटर. विद्राव्य १०,०८० वजा ८४०, म्हणजे ९,२४०. ऑस्मोलॅलिटी २६४, सोडियम १३२. पेशीबाहेर २,५२० भागिले २६४, म्हणजे ९.५५ लिटर. प्यायलेल्या दोन लिटरपैकी जेमतेम अर्धा लिटर पेशीबाहेर राहिला, दीड लिटर पेशींत शिरला. रक्तदाबाला त्याचा फार उपयोग नाही.

ऑस्मोलॅलिटी २६४ म्हणजे पहिल्या वाटेने निरोप: एडीएच बंद करा. पण आकारमान अजून वीस टक्के कमी आहे, म्हणून दुसऱ्या वाटेचा निरोप: एडीएच चालूच ठेवा. दुसरी जिंकते. पाण्याचं दार उघडं राहतं, पातळ लघवी करून जादा पाणी बाहेर टाकता येत नाही, आणि रक्तातलं सोडियम कमीच राहतं. आकारमानासाठी शरीर इथे ऑस्मोलॅलिटीचा बळी देतं. परीक्षेत हे असं येतं: सोडियम १३२, लघवीची ऑस्मोलॅलिटी ७००, लघवीतलं सोडियम ८. तिन्ही आकडे आता एकमेकांशी जुळायला हवेत.

ओआरएसचं गणितही इथेच कळतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२पासूनच्या मिश्रणात लिटरमागे सोडियम ७५, ग्लुकोज ७५, क्लोराइड ६५, पोटॅशियम २० आणि सायट्रेट १० मिलिमोल, एकूण २४५ मिलिऑस्मोल. ग्लुकोज आतड्यात सोडियमला सोबत घेऊन आत जातं, आणि आत गेलेलं सोडियम पाण्याला पेशीबाहेरच्या कप्प्यात धरून ठेवतं. पाकीट एक लिटरचं असेल तर एक लिटरमध्येच मिसळायचं. अर्ध्या पाण्यात मिसळलं तर ४९० मिलिऑस्मोलचं मिश्रण तयार होतं आणि ते आतड्यातच पाणी ओढतं.

आता याच माणसाचं सोडियम १३२ऐवजी ११५ आहे आणि हे काही दिवसांपासून चाललंय असं समजा. त्याला नॉर्मल सलाईन लावलं. पहिले काही तास सगळं संथ चालतं. आकारमान पुरेसं भरताच बॅरोरिसेप्टर गप्प होतात, आणि एडीएचला धरून ठेवणारं कारणच संपतं. ऑस्मोलॅलिटी तर आधीच कमी आहे, म्हणून एडीएच एकदम शून्याकडे जातं. पाण्याचं दार बंद. लघवी ७०० मिलिऑस्मोलवरून १००च्याही खाली येते, तासाला शेकडो मिलिलिटर वाहू लागते, आणि रक्तातलं सोडियम झपाट्याने वर चढतं. मेंदूच्या पेशी कमी सोडियमशी जुळवून बसलेल्या असतात. त्यांना हा वेग सोसत नाही, आणि ऑस्मोटिक डिमायलिनेशनचा धोका उभा राहतो. म्हणून अशा रुग्णात चोवीस तासांत ८ मिलिमोलपेक्षा जास्त वाढ होऊ देऊ नये, असं सांगतात. सूचना मिळते ती लघवीतून: अचानक भरपूर आणि पातळ लघवी दिसली की रक्तातलं सोडियम लगेच तपासायचं. सलाईनच्या वेगावरून काढलेलं सूत्र इथे चुकतं, कारण त्यात मूत्रपिंड बाहेर काय टाकतंय याचा हिशेब नसतो.

नियम मोडणारी उदाहरणं

उलट्या. आकारमान घटलेलं, अ‍ॅल्डोस्टेरॉन वाढलेलं, तरी लघवीत सोडियम ४०. पोटातलं आम्ल गेल्यामुळे रक्तात बायकार्बोनेट वाढतं, ते लघवीत सांडतं, आणि सोबत सोडियम-पोटॅशियमला ओढून नेतं. अशा वेळी लघवीतलं क्लोराइड पाहावं. ते कमी असेल, बहुधा २०च्या आत, तर शरीर मीठ वाचवतंय हे नक्की.

अ‍ॅडिसनच्या आजारात सोडियमची किल्लीच हरवलेली असते. आकारमान घटलेलं, तरी लघवीतून सोडियम जातंय आणि रक्तात पोटॅशियम चढलंय. घटलेल्या आकारमानामुळे आणि कॉर्टिसॉलच्या कमतरतेमुळे एडीएच वाढतं, प्यायलेलं पाणी आत अडकतं, आणि रक्तातलं सोडियम खाली येतं. सोडियमचं दार बंद, पाण्याचं उघडं.

डायबेटिस इन्सिपिडस हे त्याचं आरशातलं रूप. सोडियमचं दार चालू, पाण्याचं बंद. पाणी मिळत असेल तर रुग्ण पिऊन भरून काढतो आणि सोडियम जवळपास नॉर्मल राहतं. पाणी मिळेनासं झालं, मग ते बेशुद्धीमुळे असो वा शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवल्यामुळे, की सोडियम १५०च्या पुढे जातं आणि लघवी मात्र १००-१५० मिलिऑस्मोलचीच राहते. रक्त दाट आणि लघवी पातळ ही जोडी दिसली की दुसरं काही शोधत बसू नये. नंतर डेस्मोप्रेसिन देऊन पाहतात. लघवीची ऑस्मोलॅलिटी निम्म्याने किंवा त्याहून जास्त वाढली तर एडीएच तयारच होत नव्हतं. दहा टक्केही वाढली नाही तर एडीएच आहे, पण पेशी ऐकत नाही.

न ऐकणाऱ्या पेशीचं मोठ्यांमधलं नेहमीचं औषधी कारण म्हणजे लिथियम. प्रिन्सिपल पेशीत ते शिरतं ईनॅकमधूनच, म्हणजे सोडियमच्या दाराने. आत साठून ते ॲक्वापोरिन-२ कमी करतं आणि पाण्याचं दार निकामी करतं. म्हणूनच इथे अ‍ॅमिलोराइड देतात. ते ईनॅक बंद करतं आणि लिथियमला आत येऊ देत नाही. लिथियम घेणाऱ्या रुग्णाला जुलाब झाले तर मात्र दुहेरी अडचण होते. आकारमान घटतं, प्रॉक्सिमल ट्युब्यूल सोडियमसोबत लिथियमही जास्त ओढून घेते आणि रक्तातली लिथियमची पातळी चढते. दुसरीकडे कलेक्टिंग डक्टला पाणी राखता येत नाही, त्यामुळे जुलाबातून मीठ जात असताना लघवीतून पाणीही जात राहतं. अशा रुग्णात सोडियम, क्रिएटिनिन आणि लिथियमची पातळी एकाच वेळी मागवावी लागते, आणि लघवी भरपूर होतेय म्हणून आकारमान ठीक आहे असं धरून चालत नाही.